ट्रॅक्टरच्या चार पिन सॉकेटवरून ट्रॉलीला टेल लाइट आणि इंडिकेटर कसे जोडायचे? संपूर्ण माहिती



उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वाळवा तालुक्यातल्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर ट्रॉल्यांची रांग लागते. पुढे ट्रॅक्टरचे हेडलाइट लख्ख आणि मागे ट्रॉलीला काहीच नाही, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. मोटरसायकलवरून मागून येणाऱ्याला उसाचा तो काळा ढीग दहा-पंधरा फुटांवर आल्यावरच दिसतो. आमच्या ट्रॉलीला मात्र दिवे होते. चांगले होते, चालू होते, अंगणात दाबून बघितलं तर लागतही होते. तरी गेल्या हंगामात एका रात्री त्या दिव्यांनी बरोबर उलटं काम केलं. ते का झालं आणि नंतर मी सगळं वायरिंग काढून नव्याने कसं केलं, तेच आज सांगतो. त्यातून चार पिनच्या कनेक्टरचं सगळं गणित तुम्हाला समजेल.

चार पिनमध्ये असतं काय?

चार पिन म्हणजे चार वायरी. एक टेल लाइटची, म्हणजे पार्किंग लाइट लावल्यावर सतत चालू राहणारी. एक डाव्या इंडिकेटरची, एक उजव्या इंडिकेटरची. आणि चौथी अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी. पहिल्या तीन वायरींतून करंट ट्रॉलीकडे जातो आणि तिन्हींचा करंट एकट्या चौथीतून परत येतो. म्हणून या चारांत सगळ्यात जास्त काम चौथी करते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

इथे ब्रेक लाइटला पिन उरत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ही चार पिनची मर्यादा आहे, ती आधीच मान्य करून पुढे जायचं. ज्यांच्या ट्रॅक्टरला सात पिनचं सॉकेट आहे त्यांना ब्रेकसाठी वेगळी पिन मिळते, आणि डाव्या-उजव्या टेल लाइटच्या पिनाही वेगवेगळ्या असतात. बाकी काम करायची पद्धत तीच.

यूट्यूबवर शोधलं की अमेरिकेतले बरेच व्हिडिओ येतात. त्यात पांढरी अर्थिंगला, तपकिरी टेलला, पिवळी डावीकडे आणि हिरवी उजवीकडे असं सांगतात. ते तिकडच्यापुरतं बरोबर आहे. तिकडे बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या वायरीतूनच ब्रेकचाही करंट येतो आणि एकच लाल दिवा दोन्ही कामं करतो. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि वेगळा असतो. ब्रेक दाबला म्हणून इंडिकेटरच्या पिनला काही येत नाही. शिवाय ट्रॅक्टरमधल्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, आणि ट्रॅक्टर सेकंडहँड असेल तर मधे कोणी काय जोडून ठेवलंय ते देवालाच ठाऊक. त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायचा नाही, पिन स्वतः तपासायची. ते कसं, ते पुढे येतंच.

त्या रात्री काय झालं

डिसेंबरचे दिवस. कारखान्यावर ट्रॉली खाली करून माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, रिकामी ट्रॉली घेऊन परत येत होता. मी मोटरसायकलवर मागे. दादाने आमच्या रस्त्याला वळण्यासाठी डावा इंडिकेटर दिला. मला मागून दिसलं ते असं: दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे मिणमिण करत एकदमच लागतायत, आणि दोन्ही लाल दिवे त्याच ठेक्यावर विझल्यासारखे होतायत. डावीकडे वळायचंय की उजवीकडे, की नुसतंच काही बिघडलंय, कळायला मार्ग नाही. माझ्या मागून आलेल्या जीपवाल्याला वाटलं ट्रॉली उजवीकडे सरकतेय. तो डावीकडून घुसला. दादाने आरशात त्याचे लाइट बघून करकचून ब्रेक लावला म्हणून निभावलं.

घरी येऊन अंगणात लावून बघितलं तर सगळं ठीक! डावा दाबला की डावाच लागतोय, लाल दिवे स्थिर. आण्णा म्हणाले, "लाइट तर लागतीया की रं. तुला काय दिसलं कुणास ठाऊक." नशीब, मी मागून येताना मोबाइल हातात धरला नव्हता, पण त्यामुळे पुरावाही नव्हता. दुसऱ्या दिवशी दादाला शेतातल्या खाचखळग्यांच्या वाटेवर हळू ट्रॅक्टर चालवायला लावला, इंडिकेटर चालू ठेवला, आणि मी पायी मागून व्हिडिओ काढला. तीन-चार धक्क्यांनंतर तोच प्रकार दिसला, चौथ्या-पाचव्याला पुन्हा नीट झाला. व्हिडिओ बघितल्यावर आण्णा गप्प झाले.

कारण: तीन कोअरची केबल

ट्रॉलीखाली वाकून बघितलं तेव्हा उलगडा झाला. आधीच्या मिस्त्रीने घरात पडलेली सबमर्सिबल मोटरची चपटी केबल वापरली होती. केबल चांगली, तांब्याची, जाड. पण मोटरची केबल तीन कोअरची असते. तीन कोअर टेल, डावा, उजवा यांना गेल्या आणि अर्थिंगला वायरच उरली नाही. मग दिव्यांचं अर्थिंग ट्रॉलीच्या चेसिसला दिलं. म्हणजे करंटने चेसिसमधून पुढच्या दांडीत, दांडीतून हुकाच्या पिनमध्ये, आणि पिनमधून ट्रॅक्टरच्या बॉडीत जायचं. कनेक्टरची चौथी पिन रिकामी.

हुकाची पिन म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. गंज, ग्रीस, माती, आणि सैल बसलेलं भोक. ट्रॉली उभी असते तेव्हा लोखंडाला लोखंड कुठेतरी टेकलेलं असतं, अर्थिंग मिळतं. रस्त्यावर धक्के बसले की तो टेकलेला ठिपका सुटतो. म्हणून अंगणात सगळं ठीक आणि रस्त्यावर गडबड.

पण अर्थिंग तुटलं तर दिवे सरळ बंद व्हायला हवेत, असं उलटसुलट का लागतात? करंटला परतीचा सरळ रस्ता मिळाला नाही की तो दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतो. डाव्या इंडिकेटरच्या बल्बमधून करंट ट्रॉलीच्या बॉडीत येतो. बॉडीतून ट्रॅक्टरकडे जायला वाट नाही, म्हणून तो उजव्या इंडिकेटरच्या बल्बमध्ये मागच्या दाराने शिरतो, त्याच्या वायरीतून ट्रॅक्टरच्या उजव्या इंडिकेटरपर्यंत जातो आणि तिथून अर्थिंग गाठतो. रस्त्यात तीन ठिकाणी वाटणी झाल्याने कोणालाच पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, म्हणून डावा-उजवा दोन्ही मिणमिणतात. आता लाल दिव्यांचं. त्यांच्या एका टोकाला पार्किंग लाइटचे १२ व्होल्ट, आणि दुसरं टोक बॉडीला. इंडिकेटर पेटला की बॉडीवरच आठ-एक व्होल्ट चढतात. दोन्ही टोकांत फरक उरला फक्त चार व्होल्टचा. म्हणून इंडिकेटरच्या प्रत्येक ठोक्याला लाल दिवा मंद होतो.

ही खूण लक्षात ठेवा. इंडिकेटर दिल्यावर टेल लाइट मंदावत असेल किंवा दोन्ही बाजू एकदम मिणमिणत असतील, तर बल्ब बदलत बसू नका, फ्लॅशरही बदलू नका. अर्थिंग बघा. मिस्त्रीकडे नेलं तर तो आधी बल्बच बदलेल. आमच्याकडे त्याआधी दोनदा बदलले होते.

पिन कशी ओळखायची

यासाठी लागतो टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बसवलेला इंडिकेटरचाच २१ वॅटचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. एका वायरीला मगरीच्या तोंडाचा चिमटा लावा. मल्टिमीटरपेक्षा मी बल्बवर जास्त भरवसा ठेवतो. वायरीतली एकच तार शिल्लक राहिली असली, तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर जोड लगेच उघडा पडतो.

सुरुवातीला सॉकेटचं झाकण उघडून जसं आहे तसं दोन-तीन फोटो काढून ठेवा. मग चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. चावी ऑन, बाकी सगळं बंद. बल्बचं दुसरं टोक एकेका पिनला लावून बघा. कुठेच लागायला नको. लागला तर त्या पिनला कोणीतरी कायमची सप्लाय देऊन ठेवलीय, ती आधी शोधा. आता पार्किंग लाइट लावा. ज्या पिनवर बल्ब स्थिर लागेल ती टेल. पार्किंग बंद करून डावा इंडिकेटर द्या, ज्या पिनवर बल्ब उघडझाप करेल ती डावी. तसंच उजवीचं. उरलेली पिन अर्थिंगची असायला हवी.

'असायला हवी' म्हणतोय, कारण ती खरंच जोडलेली आहे का ते अजून कळलेलं नाही. बरेच जण इथे चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून चौथी पिन तपासतात आणि बल्ब लागला की अर्थिंग आहे असं धरतात. यात फसायला होतं. टेलच्या किंवा इंडिकेटरच्या पिनला लावलं तरी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या दिव्यांतून करंट अर्थिंगला जातो आणि टेस्ट लॅम्प थोडाफार लागतोच. त्यापेक्षा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवरून काढून थेट चौथ्या पिनला लावा आणि टेल, डावा, उजवा या तिन्ही चाचण्या पुन्हा करा. बल्ब आधी लागत होता तितक्याच उजेडात लागला पाहिजे. मंद वाटला तर सॉकेटच्या मागे अर्थिंगची वायर जिथे ट्रॅक्टरच्या बॉडीला बोल्टने लावली आहे ती जागा घासून साफ करा. आमच्या ट्रॅक्टरची ती वायर होती, पण बोल्टखाली रंगाचा थर होता. कानस मारल्यावर बल्ब लख्ख लागला.

अजून एक गंमत. सॉकेट आणि प्लग समोरासमोर बसतात, त्यामुळे सॉकेटमध्ये समोरून डावीकडे दिसणारी पिन प्लगकडे समोरून बघताना उजवीकडे दिसते. आणि प्लगमध्ये वायरी आपण मागच्या बाजूने लावतो, तेव्हा ती परत पलटते. डोक्यात फिरवत बसू नका. पिनच्या बाजूला नंबर कोरलेले असतात, ते वाचा. नसतील तर प्लग सॉकेटमध्ये बसवून झाकण उघडं ठेवा आणि मागून टेस्ट लॅम्पने तपासून मार्करने खूण करा.

केबल आणि तिची वाट

मी चार कोअरची गोल फ्लेक्सिबल तांब्याची केबल घेतली, १ स्क्वेअर एमएमची, आणि अर्थिंगसाठी १.५ एमएमची एक वेगळी काळी वायर तिच्यासोबत ओढली. केबलमधली चौथी कोअरही अर्थिंगलाच जोडली. थोडं जास्त झालं खरं, पण एकदा हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

एमएमचा हट्ट कशासाठी, तर अंतरासाठी. सॉकेटपासून मागच्या दिव्यापर्यंत आमच्या ट्रॉलीत साधारण २५ फूट जातात, आणि करंटला तेवढंच अंतर परत यायचं असतं. टेल आणि एक इंडिकेटर चालू असताना अर्थिंगमधून सुमारे अडीच अँपिअर वाहतात. अर्ध्या एमएमची बारीक वायर यात जळणार नाही, पण जाता-येता एक-सव्वा व्होल्ट खाईल. फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. १ आणि १.५ एमएममध्ये हेच नुकसान अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतं.

केबल फ्लेक्सिबल पाइपमध्ये घालून चेसिसच्या आतल्या बाजूने नेली. हौद्याला कुठेही बांधली नाही. तुमची डंपिंग ट्रॉली असेल तर हे विशेष पाळा, नाहीतर पहिल्यांदा हौदा उचलला की केबल ताणून तुटते. त्याच कारणाने दिवेही मागच्या फाळक्यावर लावू नका, चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर लावा. फाळका रोज उघडतो, आपटतो. चारचाकी ट्रॉलीत पुढचा आस दांडीबरोबर फिरतो, तिथे केबलला वळायला मोकळीक ठेवावी लागते.

दांडीवर केबल एका कडीतून घेतली आणि प्लगपर्यंत दीड फूट ढील ठेवली. किती ढील ते मोजून कळत नाही. रिकामी ट्रॉली जोडून ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. बाहेरच्या बाजूला केबल ताणली जायला नको आणि आतल्या बाजूला लोंबून टायरला किंवा जमिनीला लागायला नको. ट्रॉली सोडल्यावर प्लग मातीत पडू नये म्हणून दांडीवर पत्र्याची छोटी खोबण वेल्ड करून घेतली, तोंड खाली करून प्लग त्यात बसतो.

दिव्यांची जोडणी

दोन्ही बाजूंना एकत्र दिवा घेतला. त्यात टेलसाठी ५ वॅटचा आणि इंडिकेटरसाठी २१ वॅटचा बल्ब. केबल मागे मधोमध एका बंद डबीत आणली. तिथून डावी वायर डाव्या दिव्याला, उजवी उजव्याला. टेल आणि अर्थिंग या दोन वायरी फाटा फोडून दोन्हीकडे. एवढंच. जोड सगळे त्या डबीतच, मधे कुठेही नाही.

वायरी पिळून वरून टेप, ही आपल्याकडची आवडती पद्धत इथे चालत नाही. ट्रॉली हादरते, पाणी लागतं, उसाचा रस गळतो. दोन महिन्यांत टेप सुटते आणि आत हिरवा चिकट थर दिसतो. मी प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवलं आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. डबीत वायर खालच्या बाजूने आत घेतली, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत जात नाही.

दिव्याचं अर्थिंग नीट बघा. काही दिव्यांना काळी वायर बाहेर दिलेली असते, ती आपल्या काळ्या वायरीला जोडली की झालं. काही लोखंडी बॉडीच्या दिव्यांचं अर्थिंग बॉडीतूनच असतं. तिथे दिव्याच्या बोल्टखाली रंग खरवडून आपल्या काळ्या वायरीचं थिंबल आवळायचं. नुसतं ट्रॉलीला बोल्ट केलं म्हणजे अर्थिंग मिळालं, असं धरलं की आपण परत हुकाच्या पिनवर येतो.

हे सगळं करताना प्लग ट्रॅक्टरपासून काढलेला ठेवा. ट्रॅक्टरच्या सॉकेटच्या मागे काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. आणि फ्यूज उडाला तर त्यात तार घालू नका, कुठेतरी वायर चेसिसला टेकतेय ती शोधा.

चाचणी करताना आधी नुसती टेल, मग एकेक इंडिकेटर, मग टेल आणि इंडिकेटर एकत्र. ही शेवटची चाचणी लोक विसरतात, आणि बिघाड नेमका तिच्यातच दिसतो. मी याच्याही पुढे जाऊन मीटर लावला. एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून मागे आणली, मीटरचं एक टोक तिला आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंगला. टेल आणि डावा इंडिकेटर चालू. अर्ध्या व्होल्टच्या आत रीडिंग आलं तर अर्थिंग चांगलं. नवीन वायरिंगवर मला इंडिकेटर पेटताना ०.३ मिळालं. जुनं वायरिंग काढण्याआधी हुकाची पिन हलवत हीच चाचणी केली होती, तेव्हा मीटर तीन ते आठ व्होल्टमध्ये उड्या मारत होता. मग प्लग जोडून त्याच खाचखळग्यांच्या वाटेवर फेरी मारली, व्हिडिओ काढला. लाल दिवे ढिम्म हलले नाहीत.

फ्लॅशर आणि एलईडी

ट्रॅक्टरचा एका बाजूचा इंडिकेटर म्हणजे पुढचा-मागचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब. ट्रॉलीचा धरून तीन झाले, म्हणजे ६३ वॅट, सव्वापाच अँपिअर. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या तर चार बल्ब, सात अँपिअर. फ्लॅशरच्या डबीवर तो किती वॅटसाठी आहे ते छापलेलं असतं, ते वाचा. जुन्या पद्धतीच्या, आतली पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरवर लोड वाढला की उघडझाप जलद होते. ट्रॉली जोडल्यावरच ठेका वाढत असेल तर हेच कारण समजा. मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप ठीक. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा ठेका मात्र एखादा बल्ब गेल्यावर जलद होतो, म्हणून कोणता फ्लॅशर आहे ते बघूनच निष्कर्ष काढा.

ट्रॉलीला एलईडी दिवे लावले तर हा प्रश्नच मिटतो, कारण त्यांना फारच थोडा करंट लागतो. आणि हादऱ्याने फिलामेंट तुटत नाही. ट्रॅक्टरचे स्वतःचे बल्ब साधे असतील तर फ्लॅशरलाही पुरेसं लोड मिळत राहतं. फक्त एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं चालत नाही. उलटं लावलं तर तो लागणारच नाही. आम्ही दुसऱ्या ट्रॉलीला एलईडीच घेतले. तिच्यासाठी पहिल्या ट्रॉलीच्या मागे त्याच डबीतून चार वायरी काढून एक सॉकेट बसवलं. दोन ट्रॉल्या असताना सगळ्यात मागच्या ट्रॉलीला दिवे हवेत, पहिलीचे मधेच झाकले जातात.

ब्रेक लाइटचा मोह

दादाचं म्हणणं होतं, "अर्थिंग हुकावरून येतंयच थोडंफार, मग चौथी पिन ब्रेकला देऊ की." अनेक ठिकाणी असं केलेलं दिसतं. करू नका. ब्रेकचा करंटही त्याच गंजक्या पिनमधून परतणार, आणि अर्थिंग सुटलं की ब्रेक लाइटही इतर दिव्यांत मिसळून गोंधळ घालणार. ब्रेक लाइट हवाच असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही सात पिनचे बसवा आणि ट्रॅक्टरच्या ब्रेक स्विचपासून वायर ओढा. आम्ही पुढच्या हंगामाआधी तेच करणार आहोत.

दिवे असूनही दिसत नाहीत तेव्हा

ऊस भरताना मागे वाढी लोंबतात आणि दिव्यांवर पडदा धरल्यासारखी येतात. वायरिंग कितीही उत्तम असलं तरी मागच्याला काही दिसत नाही. आम्ही दिव्यांवर अँगलची चौकट वेल्ड केली, दिव्याच्या पुढे चार इंच बाहेर येणारी, म्हणजे वाढी तिच्यावर टेकतात आणि दिवा मोकळा राहतो. तरी कारखान्याकडे निघण्याआधी मागे जाऊन कोयत्याने वाढी छाटून काचेवर फडकं मारावंच लागतं, चिखलाचा थर रोज बसतो.

आणि ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी करून ट्रॅक्टर टायर आणायला गेला, की हे सगळे दिवे बंद. प्लगच्या पलीकडे बॅटरीच नाही. त्यासाठी मागे दोन लाल रिफ्लेक्टर आणि चेसिसच्या पूर्ण रुंदीभर लाल रिफ्लेक्टिव्ह टेप लावली आहे. टेप लावण्याआधी पत्रा थिनरने पुसून घ्या, धुळीवर ती आठ दिवस टिकत नाही. शक्य असेल तर ट्रॅक्टर न सोडता पार्किंग लाइट चालू ठेवून दुसऱ्या कुणाला टायर आणायला पाठवा. दोन्हीचे मिळून पाच वॅटचे चार-पाच बल्ब रात्रभर जळले तरी चांगल्या बॅटरीवर सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो.